बारा पस्तीसची गाडी

तिला सगळे तिकीटताई म्हणत. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि वह्या विकणाऱ्या त्या लांबट दुकानात, अगदी आतल्या बाजूला, पंख्याखाली तिचं टेबल होतं. बावीस वर्षं एकच टेबल. आधी कागदी फॉर्म भरून स्टेशनच्या खिडकीवर रांगेत उभं राहायचं, मग संगणक आला, मग छापायचं यंत्र आलं. माणसं बदलली, यंत्रं बदलली, पण रेल्वेचं तिकीट म्हटलं की गावातली माणसं दुकानाच्या पायरीवरूनच विचारत, "ताई आहेत का?" मालक मान वळवून आत बघत आणि म्हणत, "आहेत, जा."

त्या "आहेत, जा" वर ताईची बावीस वर्षं मजेत गेली होती.

आता तिथे एक नाही, दोन टेबलं होती. आणि दुसऱ्या टेबलावर तिची स्वतःची बहीण बसत होती.

बहीण अकरा वर्षांनी लहान. घरात तिला बेबी म्हणायचे. चाळिशी उलटली तरी तेच नाव चिकटून राहिलं होतं. बेबीच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली, बिऱ्हाड या गावात आलं, आणि ताईनेच मालकांना गळ घातली. "घरचीच आहे. शाळेच्या ऑफिसात काम केलंय. मी शिकवीन तिला." मालकांनी टेबल आणलं. ताईने शिकवलं. कुठली गाडी कधी सुटते, वेटिंग किती असलं तर सुटतं आणि किती असलं तर गिऱ्हाइकाला आशा लावायची नाही, हे सगळं तिने बहिणीला पंधरा दिवसांत दिलं. शिकवताना तिला बरं वाटत होतं. लहानपणी वेणी घालून द्यायची तसं.

बिनसलं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

झालं असं, की ताई एका गाडीत वेटिंग दिसलं की दुसरी बघे, फार तर तिसरी. मग मान हलवून म्हणे, "वेटिंग काढून देते, सुटेल. नाही सुटलं तर तात्काळला बघू." तिचा अंदाज सहसा चुकत नसे. पण बेबी तिथे थांबत नसे. तिने एका पुठ्ठ्यावर त्या मार्गावरची सगळी स्टेशनं ओळीने लिहून काढली होती. इथून जागा नसली की मागच्या स्टेशनवरून बघायची, तिथून नसली तर गाडी जिथून सुटते तिथून. एक दिवस अलीकडे, एक दिवस पलीकडे. ती गाडी नाही तर त्याच मार्गावरची दुसरी.

"मोठ्या स्टेशनला कोटा मोठा असतो, काका," ती गिऱ्हाइकाला समजावून सांगे. "आपल्या वाट्याला मोजक्याच जागा. म्हणून तिकीट तिथपासूनचं काढलंय. भाडं थोडं जास्त पडेल. पण बसायचं इथूनच. बोर्डिंग आपल्या स्टेशनचं टाकलंय, म्हणजे तपासनीस तुम्हाला आधी शोधणार नाही आणि तुमची जागा दुसऱ्याला देणार नाही."

काका खूश होऊन जात. ताई समोरच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत बसे. तिला ही युक्ती माहीत नव्हती असं नाही. तिला ती पंधरा वर्षांपासून माहीत होती. पण ती ठेवणीतली होती. डॉक्टर, हेडमास्तर, मालकांचे व्याही, अशांसाठी. बेबी ती येईल त्याला वाटत सुटली होती.

हळूहळू पायरीवरचा प्रश्न बदलला. "ताई आहेत का?" च्या जागी "बेबीताई आहेत का?" आलं. बेबी डबा खात असली तर माणसं ताईच्या समोरची खुर्ची उचलून बेबीच्या टेबलाशी नेऊन ठेवत आणि वाट बघत. एकदा एक बाई ताईला म्हणाली, "तुम्ही बसा हो, मला घाई नाही." ताईने त्या दिवशी चहा घेतला नाही.

घरी नवऱ्याजवळ तिने विषय काढून बघितला. नवरा बस डेपोत मेकॅनिक. बोलण्यापेक्षा पाना फिरवलेला बरा असं मानणारा. तो म्हणाला, "काम वाटून गेलं तर तुझीच कंबर वाचली ना?"

"कंबरेचं कोण बोलतंय?"

"मग कशाचं बोलतेस?"

पोटात दुखत होतं, एवढं खरं. आणि ते दुखणं आजचं नव्हतं. बेबी झाली तेव्हा ताई अकरा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून आईची मांडी भरलेली होती. ताईने शिक्षण सोडून नोकरी धरली, तिच्या पगारावर बेबी कॉलेजात गेली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "माझी बेबी हुशार." थोरलीबद्दल सांगे, "ती कामाला वाघ आहे." ताईला वाघ व्हायचं नव्हतं.

आई दूरच्या शहरात ताईच्या भावाकडे असायची आणि दर उन्हाळ्यात लेकींकडे यायची. बावीस वर्षं तिचं तिकीट ताईनेच काढलं होतं. यंदा फोन आला तो असा: "अगं, तिकीट झालं बरं का. बेबीने काढलं. खालचा बर्थ मिळाला. तू मागच्या वेळी मधला दिला होतास, आठवतंय? गुडघे गेले होते माझे."

"आठवतंय," ताई म्हणाली.

या फोननंतर आठवड्याभरात ड्रॉइंग मास्तर दुकानात आले. शाळेतून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. त्यांनी ताईला नमस्कार केला आणि बेबीसमोर बसले. महिन्याची दोन तारीख होती. ताईच्या समोर एक विद्यार्थी फॉर्म घेऊन उभा होता, त्यामुळे तिला मास्तरांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनीच ऐकू आलं. दोघांना जायचंय. लेक राहते त्या शहरात. चौदा तारखेला पोचायचं. रात्री बारा पस्तीसची गाडीच बरी, म्हणजे चौदाला दुपारी चारला पोचतो.

"इथून वेटिंग बेचाळीस," बेबी म्हणाली. मग तिची बोटं चालू लागली. दहा मिनिटांत ती हसली. "मिळालं, मास्तर. गाडी सुटते तिथून काढलं, बोर्डिंग इथलं. दोन्ही बर्थ खालचे."

मास्तरांनी तिकीट दोन्ही हातांनी घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मालकांना जाता जाता म्हणाले, "तुमच्या दुकानात जादूगार बसलाय."

मालक हसले. ताईने विद्यार्थ्याच्या फॉर्मवर शिक्का इतका जोरात मारला की तो दचकला.

संध्याकाळी दुकान आवरताना दिवसभराच्या तिकिटांच्या दुसऱ्या प्रती फाइलला लावायचं काम ताईचंच होतं. मास्तरांची प्रत हातात आली. सवयीने तिची नजर खालच्या बारीक ओळीवर गेली, जी कुणीच वाचत नाही. बोर्डिंग: पंधरा तारीख, बारा पस्तीस.

तिने पुन्हा वाचलं. मग सगळं लख्ख झालं. ती गाडी पहिल्या स्टेशनवरून संध्याकाळी सहाला सुटते आणि इथे येते तोवर मध्यरात्र उलटून तारीख बदललेली असते. चौदाला इथे बसायचं तर तिकडून तिकीट तेराचं काढायला हवं. बेबीने चौदाचं काढलं होतं. म्हणजे जी गाडी मास्तर धरायला जातील त्यात त्यांची जागाच नाही. त्यांची जागा होती दुसऱ्या दिवशीच्या गाडीत.

चूक साधी होती. नव्या माणसाकडून हमखास होणारी. शिकवताना हे एक सांगायचं राहून गेलं होतं, कारण तिकीट इथूनच काढलं तर तारीख इथलीच लागते, प्रश्नच येत नाही.

बेबी पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. "ताई, येतेस ना?"

ताईच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्याच वेळी मालक म्हणाले, "बेबी, उद्या जरा लवकर ये. माझ्या व्याह्यांचं तिकीट बघायचंय. ते तूच बघ."

"तू हो पुढे," ताई बेबीला म्हणाली. "मला वेळ लागेल."

बेबी एकटी गेल्यावर तिने पडदा पुन्हा चालू केला आणि तेरा तारीख टाकून बघितली. पहिल्या स्टेशनवरून सहा जागा शिल्लक. भरपूर आहेत, तिने स्वतःला सांगितलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन जागा उरल्या होत्या. तेवढ्याच हव्या होत्या. ताईने आकडा बघितला, बेबीकडे बघितलं. बेबी व्याह्यांशी फोनवर बोलत होती आणि मालक तिच्या टेबलाला रेलून कौतुकाने ऐकत होते. ताईने पडदा बंद केला. लेकीकडे चाललेत, तिने मनात म्हटलं. एक दिवस उशिरा पोचले तर काय बिघडलं? आणि कळू दे जरा सगळ्यांना, जादूगार कसा असतो ते. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा तिचा चेहरा तापला, पण ते तिने मागे घेतलं नाही.

चार तारखेला सकाळी त्याच जागी वेटिंग चार झालं होतं.

त्या दुपारी बेबी बँकेत गेली असताना मास्तरांची बायको आली. एक हात कमरेवर, एक भिंतीला. ताईने उठून खुर्ची पुढे केली.

"बेबीताई येतीलच ना? बसते मी," बाई म्हणाल्या आणि बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. "खरं म्हणजे मला बसवत नाही फार वेळ. पाठीच्या मणक्यात नस दाबली गेलीय. आडवं पडलं की बरं वाटतं. म्हणून तर खालचे बर्थ मागितले. त्यांना धन्यवाद द्यायला आले होते."

"लेकीकडे चाललात ना?"

"लेकीकडे नुसतं उतरायचं. पंधराला सकाळी नऊला तिथल्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. तीन महिने थांबलो होतो हो. ही चुकली की पुढचा नंबर पावसाळ्यानंतर." बाई थोड्या हसल्या. "मास्तर रोज तिकीट काढून बघतात नि परत ठेवतात. बर्थचा नंबर पाठ झालाय त्यांना."

बर्थचा नंबर पाठ झाला आणि तारीख वाचली नाही. आपण दोन दिवस काय दाबून ठेवलं होतं ते तिला आता कळलं. तिने बाईंना पाणी दिलं, म्हणाली, "तुम्ही घरी जाऊन आडव्या व्हा. बेबीला सांगते मी. आणि ते तिकीट संध्याकाळी मास्तरांबरोबर इकडे पाठवा. थोडी दुरुस्ती आहे." बाईंनी काय म्हणून विचारलं नाही. माणसं तिकीटताईवर अजून एवढा विश्वास ठेवत होती.

बेबी परतली तेव्हा ताई पडद्यावर तेरा तारीख उघडून बसली होती. वेटिंग नऊ.

"मास्तरांचं तिकीट चुकलंय," ताई म्हणाली. "गाडी इथे बारा वाजून गेल्यावर येते. तू चौदाचं काढलंस, ते इथे पंधराला लागतं."

बेबीने प्रत हातात घेतली. वाचता वाचता तिचा रंग उतरला. "पंधराला सकाळी तर त्यांचा डॉक्टर... मास्तर सांगत होते मला..."

"हो."

"देवा." ती खाली बसली. "आता?"

"आता बघायचं. पुठ्ठा आण तुझा."

दोघी एका पडद्यासमोर बसल्या. मागचं स्टेशन: वेटिंग अडतीस. त्याच्या मागचं: एकतीस. मग सकाळची गाडी, तेराला पहाटे सुटणारी. इथून वेटिंग, मागून वेटिंग, अगदी पहिल्या स्टेशनवरून बघितलं तर आरएसी चार.

"आरएसी घेऊ," बेबी म्हणाली. "चढायला तर मिळेल."

"एका बर्थवर दोघांनी बसून जायचं. सोळा तास. त्या बाईंना तासभर बसवत नाही."

बेबीने बारा तारीख बघितली. बारा पस्तीसच्या गाडीत दोन जागा होत्या, पण दोन्ही वरच्या. त्या बाईंना वर चढवणार कोण? ताईने पेन खाली ठेवलं. तिला येत होतं ते सगळं करून झालं होतं. दोन दिवसांपूर्वी सहा जागा होत्या, हे बाजूला बसलेल्या बेबीला माहीत नव्हतं.

"ताई," बेबी हळूच म्हणाली, "ती आठवड्यातून एकदा जाणारी गाडी? तेराला तिचाच वार आहे."

"ती इथे थांबत नाही."

"जंक्शनला थांबते. टॅक्सीने पाऊण तास."

बावीस वर्षांत ताईने त्या गाडीकडे कधी बघितलंच नव्हतं. इथे न थांबणारी गाडी तिच्या लेखी गाडीच नव्हती. मनात एक कळ आली: हे हिलाच कसं सुचतं? पण बोटं तोवर चालू झाली होती. जंक्शनवरून: वेटिंग बारा. बेबीने सुस्कारा सोडला.

"थांब," ताई म्हणाली. "ही सुटते कुठून?"

गाडी सुटत होती जंक्शनच्या अडीच तास आधीच्या गावातून, दुपारी अडीचला. ताईने ते गाव टाकलं. तीन जागा. एक खालची, दोन मधल्या.

"जंक्शनला पाचला. तारीख तीच, मध्ये बारा वाजत नाहीत," ताई मोठ्याने म्हणाली. "तिकडे चौदाला सकाळी साडेनऊला पोचते. वाच तू. मी वाचलं, आता तू वाच."

बेबीने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. खालचा बर्थ बाईंना, मधला मास्तरांना. बोर्डिंग जंक्शन, तेरा तारीख. मग ताईने तिकीट काढलं आणि चुकीचं रद्द करायला बाजूला ठेवलं. बेबीने तिचा दंड धरला, लहानपणी धरायची तसा.

"बरं झालं तुला आज दिसलं गं. उद्या दिसलं असतं तर संपलंच होतं."

ताईला त्या क्षणी गप्प राहता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. उलट तिचंच नाव झालं असतं. पण दंडावरचा तो हात तिला सोसेना.

"आज नाही दिसलं. परवा संध्याकाळी दिसलं. तेव्हा सहा जागा होत्या."

बेबीला वाक्य पोचायला वेळ लागला. "मग बोलली का नाहीस?"

"मास्तर तुला जादूगार म्हणाले."

एवढंच ती म्हणाली. तेही पुरेसं होतं. बेबीने हात काढून घेतला. मग बेबी म्हणाली, "मला ओरडायचं होतंस. आईसमोर ओरडायचीस तसं. त्या बाईंना कशाला मध्ये घेतलंस?"

"त्यांचं डॉक्टरांचं मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

"सांगितलं असतं," ताई म्हणाली, आणि ते खरं होतं असं तिला वाटलं; पूर्ण खात्री मात्र वाटली नाही.

संध्याकाळी मास्तर आले. बेबीने त्यांना आपली चूक सरळ सांगितली, नवं तिकीट दाखवलं, टॅक्सी किती वाजता निघायला हवी तेही लिहून दिलं. ताईबद्दल ती एक शब्द बोलली नाही. चांगला नाही, वाईट नाही. मास्तर आधी घाबरले, मग म्हणाले, "सकाळीच पोचतोय, म्हणजे उलट हिला अख्खा दिवस विश्रांती." आणि पुन्हा आभार बेबीचेच मानले. ताई फाइल लावत होती. पोटात दुखलंच. आपलं असं का होतं, याचा तिला त्या दिवशी खरोखर राग आला, पण दुखायचं काही थांबलं नाही.

पुढचे तीन आठवडे बेबी तिच्याशी कामापुरतंच बोलली. डबा वेगळा खाल्ला. आई राहायला आली, तेव्हा दोघी तिच्यासमोर हसल्या-बोलल्या, आणि आईला काही कळलं नाही, किंवा कळून तिने विचारलं नाही. मास्तरांकडून निरोप आला की डॉक्टरांनी तपासलं, ऑपरेशनची गरज नाही, औषधं आणि व्यायाम दिलाय. मालकांनी निरोप बेबीला दिला. बेबीने मान न वळवता तो ताईपर्यंत पोचवला: "त्या बाई बऱ्या आहेत म्हणे."

"बरं झालं," ताई म्हणाली.

त्यानंतर केव्हातरी बेबीने एक तिकीट काढलं, छापलं आणि गिऱ्हाइकाला देण्याआधी उठून ताईच्या टेबलावर ठेवलं. ताईने खालची बारीक ओळ वाचली. स्टेशन, तारीख, वेळ. "बरोबर आहे," ती म्हणाली. बेबीने तिकीट नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं. मग ती रीतच पडली. मागच्या स्टेशनचं प्रत्येक तिकीट आधी ताईसमोर येऊ लागलं.

बहिणीने ते विश्वासाने आणलं, की पुन्हा कधी "मला दिसलं होतं" म्हणायची सोय राहू नये म्हणून, हे ताईला कधी कळलं नाही. तिने विचारलंही नाही. ती प्रत्येक तिकीट दोनदा वाचत असे, आणि बेबी समोर उभी राहून ते वाचून होईपर्यंत थांबत असे.